घरातली सायकल

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी दोन कामे एकदम चालली होती. स्वयंपाकघरात माझी धाकटी बहीण माई चकल्या पाडीत होती, आणि बाहेरच्या खोलीत तिची मुलगी आपल्या शोधनिबंधाचे शेवटचे प्रकरण पाडीत होती. भाची अर्थशास्त्रात एम. ए. करते. मी आयुष्यभर तोच विषय शिकवला आणि आता निवृत्त होऊन घरच्यांना उपदेश करण्याच्या हुद्द्यावर आहे. तेव्हा चकल्यांचा पहिला घाणा आणि निबंधाची पहिली प्रत, दोन्ही माझ्यापुढे एकाच वेळी चवीसाठी आली. चकल्या उत्तम होत्या.

निबंधही बराचसा चांगला होता. विषय होता मुलींचे माध्यमिक शिक्षण आणि शाळेचे अंतर. सारा भर बिहारमधल्या एका अभ्यासावर. त्या राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. सुरुवातीला सायकलीसाठी दोन हजार रुपये देत. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिच्या परिणामाचा हिशेब मांडला आणि तो २०१७ साली अमेरिकेतल्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाचीने तो हिशेब नीट समजून घेतला होता. अठरा पाने ती एखाद्या सराफासारखी तोलूनमापून लिहीत आली होती. आणि मग एकोणिसाव्या पानावर ‘धोरणविषयक सूचना’ असा मथळा आला, आणि पंगतीच्या शेवटी वाढप्याचा हात सुटावा तसा तिचा हात सुटला.

मूळ लिखाण इंग्रजीत होते. त्याचा मतलब असा: ‘सायकल दिल्याने मुलींची शाळेतली संख्या ३२ टक्क्यांनी वाढते, हे सिद्ध झाले आहे. शिक्षणाचा दर्जाही सुधारतो. रोख मदतीपेक्षा सायकल अधिक परिणामकारक आहे. म्हणून महाराष्ट्र शासनाने रोख शिष्यवृत्त्यांऐवजी आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलीला ताबडतोब सायकल द्यावी. त्यायोगे मुलींची गळती संपूर्ण थांबेल.’

मी चष्मा पुसला. “सूचना वाईट नाहीत,” मी म्हटले, “पण या तुझ्या निबंधातून आलेल्या नाहीत.”

“मग कुठून आल्या?”

“ते तूच शोध. प्रत्येक वाक्यावर बोट ठेव, आणि त्याच्या आधारासाठी मागच्या अठरा पानांतले कोणते पान आहे ते मला दाखव.”

ती रागावली. तिचा राग मला कळत होता. तिची आई सातवीच्या पुढे शिकली नाही, आणि ते का, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. हायस्कूल तिथून पाच किलोमीटरवर. मी सातवी झालो तेव्हा वडिलांनी मला जुनी सायकल घेऊन दिली. मी शिकलो, प्राध्यापक झालो. माई माझ्याहून पाच वर्षांनी लहान. ती सातवी झाली आणि घरी बसली. त्या एकोणिसाव्या पानावर भाची बिहारविषयी लिहीतच नव्हती. ती आपल्या आईसाठी लिहीत होती. आणि सायकल मिळालेला मामा समोर बसून तिला ‘आधार दाखव’ म्हणत होता.

तरीही आम्ही बसलो. पहिले बोट पहिल्या वाक्यावर पडले.

३२ टक्के हा आकडा खरा आहे. पण तो कसा निघाला? अभ्यासकांनी २००७-०८ सालची घरोघर केलेली मोठी पाहणी घेतली. बिहारमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना योजना मिळू शकत होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची नववीची वेळ योजनेपूर्वीच निघून गेली होती. या दोन वयोगटांत नववीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण किती, हा पहिला फरक. पण वयाने थोरल्या मुलींना नववी गाठायला वेळही जास्त मिळालेला असतो, शिवाय राज्यात इतर बदलही होत असतात. म्हणून तोच फरक मुलांमध्ये काढायचा आणि वजा करायचा. मुलांना तेव्हा सायकल नव्हती. उरलेही असेल काही. म्हणून हीच सारी वजाबाकी शेजारच्या झारखंडातही करायची आणि तीही वजा करायची. २००० सालापर्यंत झारखंड बिहारचाच भाग होता, म्हणून तुलनेला जवळचा. अशा तिहेरी वजाबाकीनंतर जे उरते ते सायकलीच्या खात्यावर मांडायचे.

“हे सगळं मी लिहिलंय,” भाची म्हणाली. “सातव्या पानावर.”

“लिहिलंस. मग ‘सिद्ध झाले’ हा शब्द एकोणिसाव्या पानावर कुठून आला? त्याच काळात, फक्त बिहारमध्ये, फक्त त्याच वयाच्या मुलींना उपयोगी पडेल असं दुसरं काही घडलं असेल, तर तेही या वजाबाकीत सायकलीच्याच नावावर जमा होईल. समज, रस्ते पूर्वीपेक्षा निर्धास्त झाले. त्याचा फायदा मुलांपेक्षा मुलींना जास्त होणार.”

तिने लगेच उत्तर दिले, आणि ते चांगले होते. वाढ मुख्यतः हायस्कुलापासून दूरच्या गावांत झाली, जवळच्या गावांत फारशी नाही. सगळीकडेच शिक्षणाची आवड वाढली असती, तर ती अंतर मोजून वाढली नसती. हा त्या अभ्यासाचा सर्वांत भक्कम धागा. पण निर्धास्त रस्त्याचा फायदाही दूरच्या मुलीलाच अधिक व्हायचा. शंका लहान झाली, संपली नाही. तेव्हा ‘सिद्ध झाले’ गेले आणि त्या जागी ‘अभ्यासाचा अंदाज असा आहे’ हे आले. वाक्याचा तोरा गेला. पण आता कोणी आडवा प्रश्न विचारला तर ते खाली बसणार नव्हते.

त्या वाक्यात आणखी एक खड्डा होता, आणि त्यात मंत्र्यांपासून वार्ताहरांपर्यंत सगळे पडतात. ३२ टक्के वाढ म्हणजे शंभरांतल्या बत्तीस मुली नव्हेत. समजा, आधी शंभरांतल्या सोळा मुली वयाच्या मानाने योग्य वर्गात पोचत होत्या. त्यांच्यात ३२ टक्के वाढ म्हणजे पाच मुलींची भर. आता एकवीस झाल्या. पाच मुली ही लहान गोष्ट नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे बत्तीस उभ्या राहतात, आणि त्या बत्तिसांच्या भरवशावर तो अंदाजपत्रक मांडतो. वाढीची टक्केवारी सांगायची तर ती कशावरची टक्केवारी तेही त्याच वाक्यात सांगावे. शिवाय ज्या राज्यात शंभरांतल्या ऐंशी मुली आधीच शाळेत आहेत, तिथे ऐंशींवर ३२ टक्के चढवले तर मुली शंभराच्या वर जातात! आकडा जिथला असतो तिथेच त्याला अर्थ असतो, हे इतक्या साध्या गुणाकारानेही कळते. भाची हसली. तिचा राग तिथे थोडा उतरला.

दुसरे वाक्य: ‘शिक्षणाचा दर्जाही सुधारतो.’ याला आधार म्हणून तिने परीक्षेचे आकडे दाखवले. त्याच अभ्यासात असे आढळले की शालान्त परीक्षेला बसणाऱ्या मुलींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली आणि उत्तीर्ण होणाऱ्यांची १२ टक्क्यांनी.

“हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेव,” मी म्हटले, “आणि समज की आधी शंभर मुली बसत होत्या व साठ पास होत होत्या. आता किती?”

तिने कागदावर मांडले. बसल्या एकशे अठरा. पास झाल्या सदुसष्ट. म्हणजे नव्या अठरा जणींपैकी सात पास. आधीच्या शंभरांत साठ होत होत्या. नव्या अठरांत, त्याच प्रमाणाने, दहा-अकरा व्हायला हव्या होत्या.

“म्हणजे दर्जा घसरला?” तिने विचारले.

“तसंही म्हणू नकोस. ज्या मुली एरवी परीक्षेपर्यंत आल्याच नसत्या, त्यांच्यातल्या काही पास झाल्या, एवढंच हा आकडा सांगतो. त्या सात मुलींचं आयुष्य बदललं असेल. पण वर्गात काय शिकवलं गेलं, किती समजलं, हे त्यात मोजलेलंच नाही. जे मोजलं नाही ते सुधारलं म्हणायचं नाही, आणि बिघडलं असंही म्हणायचं नाही.”

दर्जाचे वाक्य खोडले. त्या जागी परीक्षेचे दोन्ही आकडे आले, आणि त्यांच्यातली तफावत पुढे तपासावी अशी सूचना आली. एका खोडलेल्या वाक्याच्या बदल्यात एक खरा प्रश्न मिळाला, हा सौदा मला फायद्याचा वाटला.

तिसरे वाक्य रोख मदतीचे. अभ्यासकांनी आपल्या योजनेच्या खर्चाची तुलना दक्षिण आशियातल्या रोख मदतीच्या योजनांशी केली आहे, आणि त्या हिशेबात सायकल उजवी ठरते. पण एकाच जिल्ह्यात अर्ध्या गावांना सायकली आणि अर्ध्या गावांना तेवढेच पैसे, असे कोणी करून पाहिलेले नव्हते. दोन वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या काळातल्या योजनांची ती तुलना. ती उद्बोधक आहे. पण चालू शिष्यवृत्ती बंद करा असे सांगण्याइतकी ती वजनदार नाही. कारण शिष्यवृत्ती बंद झाली तर काय होते, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नाही. सुरू करण्याच्या परिणामाचा पुरावा घेऊन दुसरेच काही बंद करण्याची शिफारस करणे, ही चूक शोधनिबंधांत फार होते. निबंध लिहिणाऱ्याला ते एक वाक्य असते. ज्या मुलीचे पैसे थांबतात तिला ते वर्ष असते. ते वाक्य भाचीने स्वतःच खोडले. मी बोलायच्या आत.

इतक्यात माई चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली. “अजून तेच पान?” तिने विचारले.

“मामा एकेक वाक्य काढून टाकताहेत,” लेकीने तक्रार केली. “आई, तूच सांग. तुला सायकल मिळाली असती तर तू शिकली असतीस की नाही?”

माई ताट टेकवून खाली बसली. “सायकल घरात होतीच की,” ती म्हणाली.

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहू लागलो.

“मामाचीच. तो कॉलेजला साताऱ्याला गेला, तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षं. मला चालवताही येत होती. खळ्यावर शिकले होते मी. पण माझ्याबरोबरची एकही मुलगी हायस्कुलात जात नव्हती. एकटी कशी जाणार? आबा म्हणाले, गाव काय म्हणेल. मग ती सायकल दूधवाल्याला विकली.”

हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. पण मला ती पडवी दिसली. सुट्टीला घरी आलो की मी त्या सायकलीत हवा भरीत असे. ती कोण वापरते, असा प्रश्न मला त्या दोन वर्षांत एकदाही पडला नाही. अंतर, खर्च, साधन या साऱ्यांवर पुढे मी वर्गात तीस वर्षे बोललो, आणि घरात उभ्या असलेल्या सायकलीवर माझी बहीण का बसली नाही हे मला त्या दिवशी, चकलीचा तुकडा हातात धरून, पहिल्यांदा कळले.

भाचीने पेन उचलले. “हे मी निबंधात घालते. म्हणजे नुसती सायकल पुरत नाही. सगळ्या मुलींना एकदम द्यायला हवी. बिहारमध्ये तसंच झालं. सगळ्या मिळून निघाल्या म्हणून गावाची भीड मोडली!”

मोह मलाही झाला. ते अभ्यासकही अशाच गोष्टीकडे बोट दाखवतात: मुली घोळक्याने निघाल्या, त्यामुळे वाट सुरक्षित वाटली, गावाची नजर बदलली. पण ते तिला ‘असे असावे’ म्हणतात. एकटीला दिलेली सायकल आणि घोळक्याला दिलेली सायकल यांची तुलना त्यांच्यापाशी नाही, कारण त्या योजनेत एकटीला दिलेली सायकल नव्हतीच. आणि माझ्या भाचीपाशी होती एक आई. एका मुलीची एक गोष्ट; तीही बिहारची नव्हे, साताऱ्याची; आणि कैक वर्षांपूर्वीची.

“आईची गोष्ट खोटी आहे का मग?” तिने जरा तिखटपणे विचारले.

“तुझ्या निबंधातल्या सर्वांहून ती खरी आहे. पण ती एका घरात काय झालं ते सांगते; हजार घरांत काय होईल ते सांगत नाही. तिच्यावरून शिफारस करता येत नाही. प्रश्न मात्र विचारता येतो. आणि तो प्रश्न तुझ्या अठरा पानांत कुठंच नव्हता.”

माईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले. “भाजणी किती आहे ते बघून चकल्या मोजाव्यात,” ती म्हणाली आणि रिकामे ताट घेऊन आत गेली.

उरले शेवटचे वाक्य, महाराष्ट्र शासनाचे. ‘प्रत्येक मुलीला’ आणि ‘ताबडतोब’ आणि ‘गळती संपूर्ण थांबेल’. बिहारमध्ये जवळच्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. मग शाळेशेजारी राहणाऱ्या मुलीला सायकल कोणत्या पुराव्यावर द्यायची? गळतीला लग्न, घरकाम, शेतमजुरी, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर अशी पुष्कळ कारणे असतात. अंतर त्यांतले एक. एक कारण काढल्याने सारी गळती कशी थांबेल? आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आमच्या राज्यात मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली देतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना एस. टी.चा मोफत प्रवासही आहे. सूचना करण्यापूर्वी ती गोष्ट आधीच चालू आहे का, हे पाहण्याचे दोघांच्याही लक्षात आले नव्हते. चालू असेल तर खरा प्रश्न वेगळा होतो: जिथे एस. टी. वेळेवर येते तिथे सायकलीने काय अधिक साधते? त्याचे उत्तर बिहारच्या आकड्यांत असणे शक्य नाही.

दिवे लावण्याची वेळ झाली तेव्हा एकोणिसावे पान असे झाले होते:

‘बिहारमधील अभ्यासाचा अंदाज असा की, योजनेमुळे योग्य वयात नववीपर्यंत पोचणाऱ्या मुलींचे प्रमाण आधीच्या मानाने ३२ टक्क्यांनी वाढले, ही वाढ मुख्यतः हायस्कुलापासून दूर असलेल्या गावांत झाली. परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होणाऱ्या १२ टक्क्यांनी वाढल्या. वर्गातल्या शिकण्याविषयी यावरून निष्कर्ष काढता येत नाही. ज्या भागांत हायस्कूल दूर आहे, मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच कमी आहे आणि वाहनाची दुसरी सोय नाही, तिथे अशी योजना विचारात घेण्यास या पुराव्याने आधार मिळतो. महाराष्ट्रात सायकली व मोफत प्रवास या दोन्ही सोयी काही प्रमाणात चालू असल्याने, त्या वाढवण्यापूर्वी त्यांचा परिणाम अंतराप्रमाणे तपासावा. चालू शिष्यवृत्त्यांविषयी हा पुरावा काही सांगत नाही. एका गावातल्या एकट्या मुलीला सायकल मिळणे आणि बरोबरीच्या सर्व मुलींना मिळणे, यांत फरक पडतो का, हे पुढील अभ्यासात पाहावे.’

“किती मिळमिळीत झालं,” भाची म्हणाली.

मी तिला वाक्ये पुन्हा वाचायला सांगितली, एखाद्या जिल्हा परिषदेतल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी. पहिल्या प्रतीवरून तो काय करील? ‘पैसे नाहीत’ असा शेरा मारून कागद फाइलीत ठेवील. या प्रतीवरून त्याला निदान तीन कामे करता येतात: आपल्या तालुक्यातली दूरची गावे काढायची, तिथे एस. टी. जाते का ते पाहायचे, आणि आधी वाटलेल्या सायकलींचा हिशेब मागायचा. तिने ते पान पुन्हा वाचले. मग काही न बोलता पहिली प्रत फाडून बंबात घालण्यासाठी वेगळी ठेवली.

रात्री तिने शेवटचा परिच्छेद आईला मराठीत वाचून दाखवला. टक्के येत होते तोवर माई पणत्यांच्या वाती वळीत होती. शेवटच्या वाक्याला तिचा हात थांबला.

“पुन्हा वाच ते,” ती म्हणाली.

भाचीने पुन्हा वाचले: एका गावातल्या एकट्या मुलीला सायकल मिळणे आणि बरोबरीच्या सर्व मुलींना मिळणे, यांत फरक पडतो का.

“हे बघायला जाल तेव्हा मला विचारा,” माई म्हणाली, “कुणाकुणाला विचारायचं ते मी सांगेन. आमच्या वर्गात अकरा मुली होतो.” आणि तिने त्या अकरा जणींची नावे, एकेका वातीबरोबर एकेक, अशी सांगायला सुरुवात केली.